घरी कोणत्या भाषेत बोलायचं? पहिलीच्या पालकांना वर्गशिक्षिकेचं पत्र

पहिली 'अ'च्या सर्व आई-बाबांना आणि घरच्या आजी-आजोबांना,

सप्रेम नमस्कार.

प्रवेशाच्या दिवशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, आता शाळा इंग्लिश मीडियमची आहे, तर घरीपण इंग्लिशच बोलायला लागू ना?" मी तेव्हा "नको" एवढंच म्हणाले. मागे रांग होती, पुढचं सांगायला वेळ नव्हता. काही जणांच्या चेहऱ्यावर दिसलं की हे उत्तर पटलेलं नाही. एका बाबांनी तर विचारलं, "मग फी कशाची भरतोय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यायला म्हणून हे पत्र लिहिते आहे. यात का ते सांगते, आणि जूनपासून घरी काय काय करायचं तेही क्रमाने सांगते. एकदम सगळं करू नका. एक पायरी जमली की मग पुढची.

आधी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याचं नाव सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी तो माझ्या पहिलीच्या वर्गात होता. हुशार, नीटनेटका, पण फारच कमी बोलणारा. जुलैमध्ये मी फळ्यावर आठवडी बाजाराचं मोठं चित्र लावलं होतं. आपल्या गावचा गुरुवारचा बाजार असतो तसंच: पालं, भाजीचे ढीग, तराजू घेऊन बसलेली बाई, पिशवी सांभाळणारी आजी, शेपटी हलवणारं कुत्रं. त्याला इंग्रजीत विचारलं, काय दिसतंय? तो म्हणाला, "व्हेजिटेबल. मॅन. व्हेजिटेबल." मला वाटलं, इंग्रजी अजून आलेलं नाही. म्हणून जवळ बसून हळूच मराठीत विचारलं, "बाजारात ही बाई काय करतेय रे?" त्याने चित्राकडे बघितलं, दोन्ही हात वरखाली केले आणि म्हणाला, "व्हेजिटेबल... असं असं." तराजू हा शब्द त्याच्याकडे नव्हता. मोजणं नव्हतं, विकणं नव्हतं, आणि ती का मोजतेय हे सांगायला 'म्हणून' आणि 'कारण'ही नव्हते. इंग्रजी कमी आहे हे मला कळलं होतं. मराठीही तिथेच थांबलेली आहे हे तेव्हा कळलं.

त्याच्या आईला बोलावलं. तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मॅडम, बालवाडीपासून आम्ही घरात त्याच्याशी फक्त इंग्लिशच बोलतो." मी तिला एक काम दिलं. एका संध्याकाळी, शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत, ती मुलाशी जे जे बोलेल ते वहीत लिहायचं. तिने प्रामाणिकपणे लिहून आणलं. एकतीस वाक्यं होती. "कम." "सिट प्रॉपर्ली." "हँड वॉश कर." "डोन्ट टच." "फिनिश युवर मिल्क." सत्तावीस हुकूम, तीन वेळा "गुड बॉय" आणि एकच प्रश्न: "होमवर्क डन?" त्याच वहीच्या शेवटी तिने आपणहून लिहिलं होतं की त्या संध्याकाळी ती बहिणीशी फोनवर अर्धा तास बोलली. माहेरची गाय व्यायली, वासराचे मागचे पाय आधी बाहेर आले, डॉक्टर वेळेत आला नाही, मग शेजारच्या मामांनी कसं सोडवलं, सगळं सविस्तर. ते सगळं बोलणं मुलाच्या शेजारी बसूनच झालं होतं, पण मुलाशी झालं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या आईचं इंग्रजी वाईट नव्हतं. ते फक्त हुकूम देण्यापुरतं होतं. आपल्याला जी भाषा अर्धी येते तीत आपण मुलाला सूचना देऊ शकतो, गोष्ट सांगू शकत नाही. समजूत घालू शकत नाही, कारण सांगू शकत नाही, आठवण काढू शकत नाही. आणि पहिलीच्या मुलाला शाळेत पुढे नेतात त्या नेमक्या याच गोष्टी. इंग्रजी शिकवायचं काम माझं. पण इंग्रजीत सांगायला मुलाकडे काही असावं लागतं, आणि ते घरूनच येतं.

पहिली पायरी: तुमची भाषा कोणती ते ठरवा

त्या आईने केलं तेच तुम्हीही एकदा करा. एक संध्याकाळ घ्या आणि मुलाशी काय बोललात ते वहीत लिहा. मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तरी चालेल, पण रेकॉर्डिंग चालू आहे हे माहीत असलं की माणूस आपसूक शहाण्यासारखं बोलतो. वही बरी. मग हुकूम किती, प्रश्न किती आणि गोष्टी किती, ते मोजा. हा हिशेब कोणाला दाखवायची गरज नाही.

मग स्वतःला विचारा: मी रागावते कोणत्या भाषेत? दमून घरी आल्यावर नवऱ्याशी बोलते कोणत्या भाषेत? स्वप्न सांगायचं झालं तर कोणत्या भाषेत सांगेन? तीच तुमची घरची भाषा. ती पुस्तकातली मराठी असायला हवी असं अजिबात नाही. आपल्या वर्गात काही घरांत कानडी आहे, एका घरात तेलुगू, दोन घरांत मारवाडी. खानदेशातून बदली होऊन आलेलं एक कुटुंब आहे, त्यांच्या घरी अहिराणी आहे. त्या आईने मला जरा संकोचून विचारलं, "आमची भाषा गावठी, ती बंद करू का?" मुळीच नको. मुलाला ज्या भाषेत भरभरून ऐकायला मिळतं ती भाषा. अहिराणीत ज्याला बारकाईने गोष्ट सांगता येते त्याला मराठी लवकर जमते आणि इंग्रजीही. अहिराणी तोडून अर्धीमुर्धी मराठी दिली तर हातातलं जाईल आणि नवंही मिळणार नाही.

आई-बाबांच्या भाषा वेगळ्या असतील तर दोघांनी आपापली बोलावी. आई मराठी आणि बाबा कानडी, यात मूल गोंधळत नाही. कोणाशी काय बोलायचं ते मुलं फार लहानपणीच ओळखतात. आणि ज्या घरात आई किंवा बाबा खरोखरच सहज, मनापासून इंग्रजीत बोलतात, हसतात, भांडतात, त्यांनी ते बंद करायचं कारण नाही. माझा आक्षेप इंग्रजीला नाही. शाळेच्या भीतीने ओढूनताणून बोललेल्या इंग्रजीला आहे.

दुसरी पायरी: रोज वीस मिनिटं हुकूम नाही, बोलणं

सगळ्यात मोठी पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबते. वेगळा वेळ काढायची गरज नाही. हात कामात असताना बोलायचं. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी होतात, तिथे मुलाला ओट्याजवळ स्टूल द्या. तव्यापासून लांब.

समजा ज्वारीची भाकरी चालली आहे. मूल विचारतं, "पीठ मळायला गरम पाणी का?" तुम्ही सांगता, "ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो ना, गार पाण्यात मळलं तर थापताना भाकरी तुटते." मग भाकरी तव्यावर पडते आणि तुम्ही वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवता. आता तुम्ही विचारायचं, "मी हे पाणी का लावलं असेल?" त्याला बोलू द्या. चुकीचं बोलू द्या. "हे पाणी वाळायच्या आत उलटली तर काय होईल?" "आणि फार वाळू दिलं तर?" फार वाळली तर वर चिरा पडतात, हे तो एकदा बघेल. उलटून दुसरी बाजू भाजली, मग विस्तवावर टाकली आणि भाकरी टम्म फुगली. "आत काय गेलं?" बहुतेक मुलं म्हणतात, "हवा." "हवा कुठून गेली? आपण तर भोक पाडलं नाही." मग विचार करतात. पिठातल्या पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तिने पापुद्रा वर उचलला. आणि भाकरीला कुठे चीर असेल तर? "तर वाफ निसटणार आणि भाकरी फुगणार नाही." हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की त्या दिवसाचं काम झालं.

आता यात काय झालं ते शिक्षिका म्हणून सांगते. 'कारण', 'म्हणून', 'तर', 'नाहीतर', 'आधी', 'मग', 'जोपर्यंत' हे शब्द दिसायला साधे आहेत, पण सगळा विचार त्यांनीच जोडला जातो. मुलाने एका भाषेत हे जोडणं शिकलं की दुसऱ्या भाषेत त्याला फक्त नवा शब्द लागतो. विज्ञानाच्या तासाला पाण्याची वाफ होते हे शिकवायला घेतलं की ज्याने भाकरी बघितली आहे तो म्हणतो, "मॅडम, भाकरी!" मग मी त्याला 'स्टीम' हा शब्द देते आणि तो लगेच बसतो, कारण तो ठेवायला त्याच्याकडे जागा आहे. ज्याच्याकडे जागाच नाही तो 'स्टीम'चं स्पेलिंग पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

कॅनडातले भाषाअभ्यासक जिम कमिन्स यांनी परदेशातून आलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट दाखवून दिली. खेळताना, बोलताना लागणारी नवी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते. पण वर्गात धडा समजून घेऊन उत्तर लिहायला जी भाषा लागते तिला पाच ते सात वर्षं लागतात. त्या मुलांच्या आजूबाजूला रस्त्यावर, दुकानात सगळीकडे इंग्रजीच होतं. आपल्या गावात शाळेचं फाटक ओलांडलं की इंग्रजी संपतं, तेव्हा आपल्याला वेळ जास्तच लागणार. त्या वर्षांत मुलाने विचार करायचं थांबून चालणार नाही. इंग्रजी तयार होईपर्यंत विचार घरच्या भाषेतच व्हायला हवा.

भाकरीच हवी असं नाही. बाबा दुचाकीची साखळी साफ करत असतील तर तेही. आजी गोधडी शिवत असेल तर तिला विचारा, जुन्या लुगड्याचे थर किती घालायचे आणि कमी घातले तर काय होतं. फक्त एक पथ्य पाळा: प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजा आणि मगच स्वतः उत्तर द्या. आपण मोठी माणसं फार लवकर बोलतो. पहिलीच्या मुलाला वाक्य जुळवायला तेवढा वेळ लागतो.

तिसरी पायरी: गणित घरच्या भाषेत समजावा

पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. गणिताचं पुस्तक इंग्रजीत आहे, मग मराठीत समजावलं तर मुलाचा घोळ होणार नाही का?

दुसरीत गेल्यावर तुमच्या मुलांना असं एक गणित येईल. मीनाकडे बारा पेन्सिली आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा पाच जास्त आहेत. राजूकडे किती? इंग्रजीत वाचून बहुतेक मुलं सतरा लिहितात. 'मोअर' हा शब्द दिसला की बेरीज करायची, अशी एक खूण त्यांनी पाठ केलेली असते. त्यांना बेरीज-वजाबाकी येत नाही असं नाही. त्यांनी गणित वाचलेलंच नसतं, फक्त शब्द शोधलेला असतो. अशा वेळी मी मुलाला सांगते, पुस्तक मिट आणि हीच गोष्ट मला मराठीत सांग. तो सांगतो: "मीनाकडं बारा हायत. तिच्याकडं राजूपेक्षा पाच जास्त..." इथे तो थांबतो. "म्हणजे राजूकडं कमी हायत." मग बोटं मोजतो. "सात."

घरी गृहपाठ घेताना हेच करा. आधी गणित इंग्रजीत वाचू द्या. मग "तुझ्या शब्दांत सांग" म्हणा. मग वस्तू घ्या, शेंगदाणे चालतील. सोडवून झालं की उत्तर इंग्रजीत लिहू द्या. पहिल्या वाचनात मूल अडलं तर दोनच शक्यता असतात: भाषा अडली आहे किंवा गणित. मराठीत सांगितल्यावर सुटलं तर भाषा अडली होती, मला वहीत तशी एक ओळ लिहा. मराठीतही सुटलं नाही तर गणित अडलं आहे, ते माझ्याकडे पाठवा. हा फरक माझ्या फार उपयोगाचा असतो. नाहीतर मला वाटतं मूल गणितात कच्चं आहे, आणि खरी अडचण भाषेचीच निघते.

आकड्यांबाबत मात्र एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. मराठीत 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना आधी 2 लिहायचे, मग 5. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह'मध्ये जसं ऐकू येतं तसंच लिहायचं असतं. म्हणून मराठीत ऐकून 25 ऐवजी 52 लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. त्याहून अवघड म्हणजे एकोणतीस. कानावर 'तीस' पडतं आणि मूल 39 लिहितं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. त्या बदलामागची अडचण हीच होती.

यावर उपाय म्हणजे मराठी आकडे बंद करणं नाही. दुकानात, एस.टी.त, आजीच्या पिशवीत ते आहेतच. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घ्या. "पंचवीस रुपये दे" म्हणा. मूल दोन नोटा आणि पाच नाणी देतं. मग तेच पैसे समोर ठेवून "हेच ट्वेंटी फाइव्ह" म्हणा आणि लिहायला सांगा. एकोणतीससाठी आधी तीन नोटा ठेवा, मग "तीसला एक कमी" म्हणत एक नोट मोडून नऊ नाणी द्या. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं असं केलं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उलटापालट बरीच कमी होते. दुसरी संपत आली तरी रोज तशीच होत असेल तर मला भेटा.

चौथी पायरी: देवनागरी वाचन घरी चालू ठेवा

इथे थोडक्यात सांगते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला, पण आठवड्यातल्या मोजक्या तासांत वाचन पक्कं होत नाही. नुसती बोललेली घरची भाषा स्वयंपाकघरापुरती राहते, तिसरी-चौथीनंतर वाढत नाही. म्हणून रात्री पंधरा मिनिटं गोष्टीचं पुस्तक वाचा. पहिले चार महिने तुम्ही वाचायचं आणि बोट ओळीखाली फिरवायचं. मग एक ओळ तुमची, एक ओळ त्याची.

मराठीत 'क' दिसला की 'क' असाच आवाज होतो. इंग्रजीत 'सी' हे अक्षर कधी 'क' होतं, कधी 'स'. अक्षर म्हणजे आवाजाची खूण, ही गोष्ट मुलाला देवनागरीत लवकर कळते आणि मग इंग्रजी वाचनातही उपयोगी पडते. ज्यांच्या घरची भाषा कानडी किंवा तेलुगू आहे त्यांनी त्या लिपीत वाचावं. लिप्या दोन झाल्या म्हणून बिघडत नाही.

काय बिघडू शकतं आणि ते कसं ओळखायचं

तुम्ही मराठीत विचाराल आणि मूल इंग्रजीत उत्तर देईल. हे होणारच, विशेषतः दिवाळीनंतर, मित्र झाल्यावर. त्याला "मराठीत बोल!" असा हुकूम देऊ नका. मग भाषा ही शिक्षा होते. तुम्ही मराठीतच पुढे बोलत राहा. तो म्हणाला, "मम्मा, आय वाँट वॉटर." तुम्ही म्हणा, "पाणी हवंय? माठातलं देऊ की फ्रिजमधलं?" निवड दिली की त्याला एक तरी मराठी शब्द उच्चारावा लागतो. मी ज्या मुलाची गोष्ट सांगितली तो पहिले तीन आठवडे आईला म्हणायचा, "स्पीक इंग्लिश." ती माझ्यापुढे रडली होती. तिने राग न धरता गाईच्या वासराची गोष्ट मराठीत सांगायला सुरुवात केली. चौथ्या आठवड्यात त्याने विचारलं, "मग त्याचे पाय कोणी ओढले?"

मूल दोन भाषा मिसळेल. "आजी, माझी बॅग फेकली गेली आणि टिफिन ओपन झाला." हा गोंधळ नाही. मूल त्या क्षणी हाताला लागलेला शब्द वापरतं, आपण मोठेही तेच करतो. त्याला थांबवून चूक काढायची नाही. "अगं बाई, डबा उघडला? मग भाजी सांडली का?" असं बरोबर वाक्य पुन्हा बोलून पुढे जा. मुलगा "मी पडली" म्हणाला, तर "कुठं पडलास रे?" एवढंच म्हणा. 'काळा'ला 'काला' आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणणारी मुलं अलीकडे वाढली आहेत. 'ळ' इंग्रजीत नाही आणि टीव्हीवरच्या हिंदीतही कानावर पडत नाही. सुधारत बसू नका, 'ळ' भरपूर ऐकवा: काळी मांजर, निळी चोळी, कोवळा शेवगा, गुळाची पोळी. तिसरीपर्यंत बहुतेकांचा बसतो.

वर्गात मूल गप्प राहील. नव्या भाषेत पडलेली अनेक मुलं काही आठवडे, कधी काही महिने, फक्त ऐकतात. त्या काळात ते घरी नेहमीसारखं बडबडत असेल तर काळजी नको. मी वाट बघते, तुम्हीही बघा. पण घरीही गप्प झालं असेल, आधी बोलत होतं ते आता बोलत नसेल, तर लगेच सांगा.

आणि आता जिथे अजिबात थांबायचं नाही ते. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं उशिरा सुरू होतं किंवा त्यात दोष येतो, हा समज चुकीचा आहे. मोजताना दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. दोन वर्षांच्या वयापर्यंत मूल कोणत्याही भाषेत दोन शब्द जोडत नसेल, किंवा पाच-सहा वर्षांचं मूल घरच्या भाषेतही घरच्यांना समजत नसेल, तर कारण भाषा दोन असणं नाही. आधी कानाची तपासणी करा. सतत सर्दी होऊन कानात पाणी साचणारी मुलं अर्धंच ऐकतात, ते घरात लक्षातही येत नाही. मग वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. खरी अडचण असली तर ती दोन्ही भाषांत दिसते. फक्त इंग्रजीत अडखळतंय आणि मराठीत छान बोलतंय, तर ते शिकतंय एवढाच अर्थ. "घरची भाषा बंद करा" असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकण्याआधी माझ्याशी बोला. त्याने मूल आजीशी बोलायचं थांबतं, दोष मात्र जात नाही.

मग इंग्रजीचं घरी काय करायचं?

थोडंच. मूल शाळेतून आलं की "आज कोणता नवा शब्द शिकलास? आपल्या भाषेत त्याला काय म्हणतात?" असं विचारा. तुम्हाला शब्द येत नसेल तर सांगा, "मला नाही माहीत, तू मला शिकव." मुलाला शिक्षक व्हायला आवडतं. इंग्रजी गोष्ट ऐकायची असेल तर रोज दहा मिनिटं ऐकू द्या आणि ऐकून झाल्यावर ती गोष्ट मराठीत सांगायला लावा. गोष्ट खरंच कळली का, हे तिथेच समजतं.

एक मर्यादाही सांगते. घरी उत्तम मराठी बोललात म्हणून इंग्रजी आपोआप येणार नाही. ते मला शिकवावं लागेल, रोज, नीट. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. तुम्ही इंग्रजी माध्यम निवडलंत, तो तुमचा हक्क आहे आणि मी त्या वर्गात मनापासून शिकवते. पण धोरण जे काम शाळेकडून अपेक्षित करतं, ते आपल्या बाबतीत घराला करावं लागणार आहे.

बाजाराच्या चित्रासमोर गप्प बसलेल्या त्या मुलाने फेब्रुवारीत गुरुवारच्या बाजारावर पाच इंग्रजी वाक्यं लिहिली. स्पेलिंग तीन ठिकाणी चुकलं होतं. वर्गात तो पहिलाही आला नाही. पण शेवटचं वाक्य असं होतं: आजी कोथिंबीर आधी हुंगते, कारण जुनी असली तर ती घेत नाही. 'बिकॉज' त्याने बरोबर लिहिला होता, आणि जागाही बरोबर होती.

पहिली पालकसभा जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आहे. येताना त्या एका संध्याकाळची वही घेऊन या. मी ती वाचणार नाही, तुम्हीच बघायची आणि कुठे अडतंय ते मला विचारायचं. आजी-आजोबांना यायचं असेल तर जरूर आणा. त्यांच्यासाठी मागच्या भिंतीजवळ उंच खुर्च्या ठेवते आहे, मुलांच्या बाकांवर गुडघे दुखतात.

आपली,
वर्गशिक्षिका, पहिली 'अ'